फलकावर लागण्याआधी सभेची सूचना : हुबळीतील मराठी मसुद्याची तपासणी

गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेची सूचना एका पानाची असते. ती लिहिताना बहुधा जुन्या सूचनेची प्रत समोर ठेवली जाते, तारीख बदलली जाते आणि कागद फलकावर लागतो. त्या कागदात चूक राहिली असेल तर ती सभेच्या दिवशी उघडी पडते. एखादा सभासद उठून सभाच नियमबाह्य असल्याचे म्हणतो आणि त्या दिवशी झालेले ठराव वादात सापडतात. हुबळी-धारवाडसारख्या शहरात, जिथे कन्नडच्या जोडीने मराठीतही सूचना लावणाऱ्या वसाहती आहेत, तिथे या चुकांना आणखी एक कारण मिळते. मराठी नमुना महाराष्ट्रातून आलेला असतो आणि संस्था मात्र कर्नाटकाच्या कायद्याखाली चालत असते.

यामागे इतिहास आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे तिथल्या सहकारी संस्थांना १९२५ चा मुंबई सहकारी संस्था कायदाच लागू होता आणि सभासद, इतिवृत्त, ताळेबंद ही शब्दसंपत्तीही सामाईक होती. राज्यपुनर्रचनेनंतर वाटा वेगळ्या झाल्या. तेव्हाच्या म्हैसूर राज्याने, म्हणजे आजच्या कर्नाटकाने, १९५९ मध्ये आपला सहकारी संस्था अधिनियम केला. महाराष्ट्राने १९६० मध्ये केला. शब्द तेच राहिले, मात्र त्यांच्यामागचे कलम, मुदत आणि अट बदलली.

एक मसुदा

समजा, हुबळीतील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांनी २०२५ च्या ऑगस्टअखेरीस पुढील मसुदा तयार करून तपासणीसाठी दिला आहे.

> सर्व सभासदांना कळविण्यात येते की, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम ७५ नुसार आपल्या संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा शनिवार, दि. २८ सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी १० वाजता संस्थेच्या आवारात खालील विषयांसाठी आयोजीत केली आहे.
>
> १. मागील सभेचे इतिवृत्त्य कायम करणे.
> २. सन २०२४-२५ च्या हिशेबपत्रकांस व लेखापरीक्षण अहवालास अनुमोदन देणे.
> ३. मासिक देखभाल शुल्क १,५०० रुपयांनी वाढवणे.
> ४. आयत्या वेळचे विषय.
>
> गणपुर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल व तिला गणपुर्तीची आवश्यकता राहणार नाही. सभासदांनी वेळेवर उपस्थित रहावे.
>
> दि. १४ सप्टेंबर २०२५. सचिव

प्रथमदर्शनी चार शुद्धलेखनाच्या चुका दिसतात. ‘आयोजीत’ऐवजी ‘आयोजित’, ‘इतिवृत्त्य’ऐवजी ‘इतिवृत्त’, ‘गणपुर्ती’ऐवजी ‘गणपूर्ती’ आणि ‘रहावे’ऐवजी ‘राहावे’ हवे. या दुरुस्त करणे सोपे आहे आणि त्या राहिल्या तरी सभा मोडत नाही. सभा मोडू शकेल अशा चुका मात्र शुद्ध लिहिलेल्या शब्दांत लपलेल्या आहेत.

आधी नोंदणी, मग कलम

पहिली चूक पहिल्याच ओळीत आहे. महाराष्ट्राच्या अधिनियमाचे कलम ७५ हुबळीतील संस्थेला लागू नाही. पण त्याजागी लगेच १९५९ चा अधिनियम लिहून टाकणेही घाईचे ठरेल, कारण कर्नाटकात लोक ज्याला ‘सोसायटी’ म्हणतात ती तीन वेगळ्या प्रकारची असू शकते. भूखंड पाडून वसाहत वसवणारी सहकारी संस्था १९५९ च्या अधिनियमाखाली असते. सदनिकाधारकांचा संघ १९७२ च्या कर्नाटक अपार्टमेंट मालकी अधिनियमाखाली घोषणापत्राने स्थापन झालेला असू शकतो. काही संघ १९६० च्या कर्नाटक संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेले असतात. म्हणून मसुदा हाती घेण्यापूर्वी नोंदणीपत्र आणि उपविधींची प्रत समोर हवी. आपली संस्था पहिल्या प्रकारची आहे, असे धरून पुढे जाऊ.

तारीख आणि ‘पूर्ण दिवस’

दिनदर्शिका पाहिली की कळते, २८ सप्टेंबर २०२५ रोजी शनिवार नसून रविवार आहे. वार आणि तारीख जुळत नसेल तर काही सभासद शनिवारी येतील आणि काही रविवारी. ही चूक वाचून सापडत नाही, दिनदर्शिकेशी ताडून पाहूनच सापडते.

त्याहून मोठी अडचण मुदतीची आहे. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्था ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा घेतात. त्यामुळे तिथे २८ सप्टेंबर चालते. कर्नाटकाच्या सहकारी कायद्यात ही मर्यादा २५ सप्टेंबरची आहे. म्हणजे जो रविवार मिरजेच्या संस्थेसाठी वेळेत आहे, तो हुबळीच्या संस्थेसाठी तीन दिवस उशिराचा आहे. मर्यादेआधीचा शेवटचा रविवार २१ सप्टेंबर हाच उरतो.

आता सूचनेची तारीख पाहू. मसुद्यात १४ सप्टेंबर आहे. सचिवांनी २८ मधून १४ वजा करून चौदा दिवस धरले असावेत, कारण महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींत वार्षिक सभेसाठी चौदा पूर्ण दिवसांची सूचना सांगितली आहे. पण ‘पूर्ण दिवस’ मोजताना सूचना मिळाल्याचा दिवस आणि सभेचा दिवस, दोन्ही सोडायचे असतात. १५ ते २७ सप्टेंबर हे तेराच दिवस होतात. म्हणजे महाराष्ट्राच्या मोजमापानेही एक दिवस कमी पडला.

आपल्या संस्थेचा आकडा तिच्या उपविधींतूनच घ्यायचा. तिथे पंधरा पूर्ण दिवस लिहिले आहेत असे समजू. सभा २१ सप्टेंबरला असेल तर ६ ते २० सप्टेंबर हे पंधरा दिवस मोकळे राहिले पाहिजेत. म्हणून सूचना उशिरात उशिरा शुक्रवारी, ५ सप्टेंबरला सभासदांपर्यंत पोहोचायला हवी. इथे ‘पोहोचणे’ महत्त्वाचे आहे. सूचना घरपोच द्यावी असे उपविधी सांगत असतील, तर फलकावर ५ तारखेला कागद लागला एवढ्याने भागत नाही. घरी प्रत ७ तारखेला गेली तर मोजणी ८ पासूनच होईल. म्हणून पोच घेण्याच्या वहीतील तारीख आणि सूचनेवरील तारीख ताडून पाहावी.

दोन भाषांमधला एक शब्द

दुसऱ्या विषयातील ‘अनुमोदन’ हा शब्द सीमाभागात विशेष फसवतो. मराठी सभाशास्त्रात एकाने ठराव मांडायचा आणि दुसऱ्याने त्याला अनुमोदन द्यायचे. पहिला सूचक, दुसरा अनुमोदक. म्हणजे अनुमोदन हे एका सभासदाचे काम आहे, संपूर्ण सभेचे नव्हे. कन्नड कारभारात मात्र ‘अनुमोदने’ म्हणजे मंजुरी. कन्नड सूचनेतला शब्द जसाच्या तसा मराठीत उतरला की अर्थ घसरतो. मराठीत ‘हिशेबपत्रकांना मंजुरी देणे’ असे लिहावे. लेखापरीक्षण अहवाल तर सभेने मंजूर करायचा नसतोच. तो लेखापरीक्षकाचा असतो, सभेने त्यावर विचार करायचा असतो. त्यामुळे एका वाक्यात कोंबलेल्या या दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात.

एका प्रत्ययाची किंमत

तिसऱ्या विषयात ‘१,५०० रुपयांनी वाढवणे’ आहे. सध्याचे शुल्क १,२०० रुपये आहे आणि समितीला ते १,५०० करायचे आहे, असे सचिव सांगतात. पण ‘नी’ हा प्रत्यय किती वाढ ते सांगतो, कुठवर ते नाही. लिहिल्याप्रमाणे ठराव झाला तर शुल्क २,७०० रुपये होते. ‘रुपयांपर्यंत’ लिहिले असते तर अर्थ बरोबर लागला असता, तरीही पैशाच्या विषयात जुना आकडा, नवा आकडा आणि लागू होण्याची तारीख या तिन्ही गोष्टी लिहिणे उत्तम. सभासद सभेला यायचे की नाही, हे याच ओळीवरून ठरवतो.

चौथा विषय ‘आयत्या वेळचे विषय’ असाच ठेवता येतो. मात्र त्याखाली शुल्कवाढ, मोठा खर्च किंवा उपविधीदुरुस्ती आणता येत नाही. ज्या निर्णयाचा भार सभासदावर पडतो, तो त्याला आधी कळलेला असणे हाच सूचनेचा हेतू आहे. म्हणून तपासणाऱ्याने सचिवांना एक प्रश्न जरूर विचारावा : या सभेत आणखी काही ठरवायचे आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर त्या गोष्टीला स्वतंत्र क्रमांक द्यावा.

उसनी तळटीप

शेवटी गणपूर्तीची टीप. अर्ध्या तासाने गणपूर्तीविना सभा घेण्याचे हे वाक्य महाराष्ट्रातील सूचनांत इतके रुळले आहे, की ते नियम नसून रीत वाटू लागले आहे. प्रत्यक्षात ती मुभा उपविधी देतात, सूचना नव्हे. हुबळीच्या संस्थेच्या उपविधींत तहकूब सभेसाठी वेगळी तारीख किंवा वेगळी अट असेल, तर अर्ध्या तासाने बसलेल्या मोजक्या सभासदांचे ठराव टिकणार नाहीत. म्हणून ही ओळ आपल्या उपविधीतील शब्दांशी जुळवूनच लिहावी, नाहीतर गाळावी. ‘थकबाकीदारांना सभेत प्रवेश नाही’ यासारख्या ओळींनाही हाच न्याय लागू होतो.

दुरुस्त सूचना

> सर्व सभासदांना कळविण्यात येते की, कर्नाटक सहकारी संस्था अधिनियम १९५९ व संस्थेच्या उपविधींनुसार आपल्या संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवार, दि. २१ सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी १० वाजता संस्थेच्या आवारात खालील विषयांसाठी आयोजित केली आहे.
>
> १. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
> २. सन २०२४-२५ च्या हिशेबपत्रकांना मंजुरी देणे.
> ३. सन २०२४-२५ च्या लेखापरीक्षण अहवालावर विचार करणे.
> ४. मासिक देखभाल शुल्क १,२०० रुपयांवरून १,५०० रुपये करणे (१ ऑक्टोबर २०२५ पासून).
> ५. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय.
>
> सभासदांनी वेळेवर उपस्थित राहावे.
>
> दि. ५ सप्टेंबर २०२५. सचिव

यानंतर एक काम उरते. मराठी आणि कन्नड सूचना दोघांनी समोरासमोर बसून वाचाव्यात. एकाने कन्नडमधील वार, तारीख, वेळ, विषयक्रमांक आणि रकमा मोठ्याने वाचाव्यात आणि दुसऱ्याने मराठीत खूण करावी. फरक निघालाच तर तो फलकावर लागण्याआधी निघेल. मसुद्यातील अंतर्गत दुरुस्त्या बहुधा एकाच प्रतीत होतात आणि दुसरी प्रत मागे राहते, म्हणून हे वाचन सर्वांत शेवटी करावे.

गोव्यातील वाचकांनाही हा अनुभव परका नाही. इथल्या सहकारी संस्था दीर्घकाळ महाराष्ट्राच्या १९६० च्या अधिनियमाखाली चालल्या आणि त्यानंतर गोवा सहकारी संस्था अधिनियम २००१ आला. जुन्या सूचनेची प्रत समोर ठेवून नवी लिहिणाऱ्या इथल्या सचिवांनीही मसुद्यातील अधिनियमाचे नाव आणि वर्ष सर्वांत आधी वाचावे. ती ओळ जुनी निघाली, तर खालच्या मुदती आणि अटीही जुन्याच असण्याची शक्यता मोठी असते.