औषधांवरील कर उतरला, पण किती?

२२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. गुंदहून दांडेलीस औषधे आणावयास जाणाऱ्यांनी याचा अर्थ नीट समजून घ्यावा, म्हणून आम्ही हा खुलासा देत आहोत.

पाकिटावर छापलेल्या किमतीत कर धरलेलाच असतो. समजा, जुन्या पाकिटावर ११२ रुपये छापले आहेत. त्यात मूळ किंमत १०० व कर १२ रुपये. आता कर ५ रुपये, म्हणून औषध १०५ रुपयांस मिळावे. कपात ७ रुपयांची झाली. ११२ रुपयांवर ७ टक्के काढल्यास हिशेब चुकतो.

जुन्या मालावर नवी चिठ्ठी लावणे कंपन्यांवर सक्तीचे नव्हते. मात्र दुकानदाराने सुधारित दरानेच विकावयाचे आहे. शंका आल्यास त्याच्याकडील सुधारित दरपत्रक पाहावे, बिल घ्यावे. तरीही समाधान न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार करता येते.

"सगळी औषधे करमुक्त झाली" असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. ती सवलत कर्करोग, दुर्मीळ आजार वगैरेंवरील ठरावीक औषधांनाच आहे. इन्सुलिनवर पूर्वीपासूनच ५ टक्के कर होता, त्यामुळे त्याचा दर या बदलाने उतरत नाही. तेथे दुकानदारास दोष देऊ नये. आणि स्वस्ताईची वाट पाहत चालू गोळ्या मात्र कोणीही थांबवू नयेत.