‘नाबाद रहाणे’ आणि इतर कोट्या

आयपीएल जवळ आली की ऑफिसातल्या फँटसी लीगमध्ये अकरा खेळाडू निवडण्याआधी डोकं खाजवलं जातं ते संघाच्या नावासाठी. ‘कोहलीनूर’ हे चटकन सुचणारं नाव. ऐकताच कोहिनूर आठवतो, पण गंमत तिथेच संपते. हिऱ्याचा क्रिकेटशी संबंध नसल्याने खेळाडू मौल्यवान आहे, एवढंच त्यातून कळतं.

‘नाबाद रहाणे’ मात्र दोन्ही बाजूंनी चालतं. अजिंक्य रहाणे अजून खेळपट्टीवर आहे, हा एक अर्थ. फलंदाजाने शेवटपर्यंत टिकावं, हा दुसरा. क्रियापद ‘राहणे’ असं लिहितात आणि आडनाव ‘रहाणे’, तरी बोलताना हा फरक कुणाला खटकत नाही. शब्द न तोडता दोन अर्थ निघाले की शाळेच्या व्याकरणात त्याला अभंग श्लेष म्हणतात. इथे दोन्ही अर्थ मैदानावरचेच असल्यामुळे कोटी पक्की बसते.

याहून खोल जाणारं नाव म्हणजे ‘शमीपूजन’. दसऱ्याला शमीची पूजा होते, कारण पांडवांनी अज्ञातवासात आपली शस्त्रं याच झाडावर लपवली होती, अशी कथा आहे. 2023च्या विश्वचषकात मोहम्मद शमी पहिले चार सामने संघाबाहेर होता. 22 ऑक्टोबरला धरमशालेत न्यूझीलंडविरुद्ध त्याला संधी मिळाली, त्याने पाच बळी घेतले आणि दोनच दिवसांनी दसरा होता. झाडावर ठेवलेलं शस्त्र ऐन वेळी खाली काढावं, तसा हा प्रसंग. ज्याला दसरा आणि धावफलक दोन्ही ठाऊक आहेत, त्याला या नावाचा खुलासा करावा लागत नाही.

कोटी बसली तरी नाव नेहमी चालतंच असं नाही. ‘पंत मेले, राव चढले’ ही म्हण ऋषभ पंतसाठी तयारच आहे असं वाटतं. पण डिसेंबर 2022मधल्या भीषण अपघातातून तो वाचला, हे माहीत असलेल्याला ‘मेले’ हा शब्द बोचेल. म्हणून ‘पंत आले, रन चढले’ करावं. ताल तोच राहतो, म्हणही ओळखू येते आणि अर्थ खेळाकडे वळतो. एक अडचण मात्र उरते. खेळाडू जायबंदी झाला किंवा वगळला गेला, तर त्याच्यावर बेतलेलं नाव हंगामभर शिळं होऊन यादीत पडून राहतं.

प्रश्नमंजूषेत नाव वाचण्यापेक्षा ऐकलं जास्त जातं. त्यामुळे सूत्रसंचालकाच्या वाक्यात ते कसं बसतं, हे आधी मोठ्याने म्हणून पाहावं. ‘उत्तरपूजा’ हे नाव गणेशोत्सवाच्या दिवसांत शोभतं. ‘प्रश्नच नाही’ मात्र बाराही महिने चालतं: “पुढचा प्रश्न, ‘प्रश्नच नाही’ या संघाला,” असं सूत्रसंचालक म्हणतो, तेव्हा विनोद त्याच्याच तोंडून घडतो आणि तो प्रत्येक फेरीत पुन्हा घडतो.