शंभरी ओलांडली म्हणून सगळं बिल महागत नाही

कामण परिसरात महावितरणचं बिल हातात पडलं की अनेकजण फक्त खालचा मोठा आकडा बघतात आणि कपाळाला हात लावतात. मग एकच कारण ऐकू येतं: ‘शंभरच्या वर एक युनिट गेलं की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो.’ हा समज साफ चुकीचा आहे आणि त्यामुळे बिलातली खरी चूक नजरेतून निसटते.

घरगुती वापराचे टप्पे शंभरपर्यंत, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे असे आहेत. वरचा दर फक्त त्या टप्प्यात पडणाऱ्या युनिटांना लागतो. दर बदलत राहतात, म्हणून उदाहरणासाठी 2024-25 चे घेऊ: पहिल्या टप्प्याला 4.71, दुसऱ्याला 10.29 आणि तिसऱ्याला 14.55 रुपये. समजा, घराचा महिन्याचा वापर 240 युनिट आहे. पहिल्या शंभराचे 471 रुपये आणि उरलेल्या 140 चे 1,440.60, म्हणजे वीज आकार 1,911.60 झाला. सगळ्या युनिटांना 10.29 लावले असते तर 2,469.60 झाले असते.

पण बिल इथे संपत नाही. वीज घरापर्यंत आणण्याचा वहन आकार युनिटला 1.17 रुपये होता, त्याचे 280.80. स्थिर आकार 128 रुपये धरू. इंधन समायोजन आकार वीजखरेदीच्या खर्चाप्रमाणे बदलतो, तो इथे शून्य धरू. बेरीज 2,320.40 झाली. तिच्यावर राज्य सरकारचं 16 टक्के वीज शुल्क 371.26. एकूण झाले 2,691.66. म्हणजे नुसत्या दराने गुणून आलेला आकडा बिलाशी जुळला नाही, तर लगेच कुणी लुबाडलं असं होत नाही.

‘दोन महिन्यांचं बिल एकदम आलं की वरचा टप्पा लागणारच’ हा दुसरा समज. तो महाग पडतो. नवरा-बायको दोघेही कामावर गेलेले, खोलीला कुलूप आणि मीटर आत, असं झालं की रीडिंग मिळत नाही. मग सरासरीने बिल येतं आणि पुढच्या खेपेला साठलेली युनिटं एकत्र दिसतात. अशा वेळी टप्पेही महिन्यांच्या पटीत वाढले पाहिजेत. दोन महिन्यांची 480 युनिटं असतील तर पहिला टप्पा 200 युनिटांचा धरायचा. वीज आकार येतो 3,823.20. तीच युनिटं एका महिन्यात कोंबली तर 5,148, म्हणजे 1,324.80 रुपये जास्त. म्हणून मागील आणि चालू रीडिंगच्या तारखा बघा, मधले दिवस मोजा आणि सरासरीच्या बिलाची रक्कम वजा झाली का, तेही तपासा.

2020 च्या जूनमध्ये राज्यभर हाच गोंधळ झाला होता. लॉकडाऊनमुळे मार्चअखेर रीडिंग थांबलं आणि मधली बिलं थंडीच्या महिन्यांच्या सरासरीने निघाली. जूनमध्ये रीडिंग झालं तेव्हा उन्हाळ्यातला, सगळे घरी असतानाचा वापर एकदम पुढे आला. त्यातच 1 एप्रिलपासून नवे दर लागू झाले होते. आकडा मोठा दिसला म्हणून सगळी बिलं चुकीची ठरत नव्हती, आणि तपासल्याशिवाय ती बरोबरही मानता येत नव्हती.

आता थकबाकी. खालची रक्कम म्हणजे या महिन्याचा वापर नव्हे. वापराची रक्कम ‘चालू वीज देयक’ या ओळीत असते. मागची बाकी आणि तिचं व्याज वेगळं दाखवलेलं असतं. थकबाकी मागच्या बिलाइतकीच असेल, तर बहुधा तुमचा भरणा बिल निघेपर्यंत नोंदला गेला नव्हता. पावती शोधा, तीच रक्कम दुसऱ्यांदा भरू नका.

‘वाद असला तरी भरावंच लागतं, नाहीतर लगेच वीज तोडतात’ हेही अर्धसत्य आहे. 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 56 नुसार तोडण्याआधी लेखी नोटीस आणि पूर्ण 15 दिवस द्यावे लागतात. म्हणूनच ‘आज रात्री वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज आला तर फोन करू नका. रक्कम वादातली असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीनुसार होणारी रक्कम, यांतली जी कमी ती निषेध नोंदवून भरता येते. वाद मिटेपर्यंत मग वीज तोडता येत नाही. तक्रार लेखी द्या, रीडिंगचा तारखेसह फोटो जोडा आणि पोच घ्या.