कड्यावरून सुटलेला चेंडू

१५३७ साली व्हेनिसमध्ये निकोलो तार्तालिया या गणितज्ञाने तोफांच्या माऱ्यावर एक पुस्तक छापलं. त्यातल्या आकृत्यांमध्ये गोळा आधी सरळ रेषेत तिरका जातो, मग थोडा वळतो आणि शेवटी उभ्या रेषेत खाली कोसळतो. एका वस्तूच्या अंगी एका वेळी दोन गती नांदू शकत नाहीत, अशी तेव्हाची समजूत होती. तोफेचा जोर ओसरला की मगच वजनाचा अंमल सुरू व्हायचा. गॅलिलिओने १६३८ साली लायडनला प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही समजूत मोडून काढली. आडवी गती आणि उभी गती पहिल्या क्षणापासून एकत्र चालतात आणि एक दुसरीच्या वाटेत येत नाही, असं त्याने मांडलं.

याचा उपयोग एका हिशेबात पाहू. ५० मीटर उंच, म्हणजे साधारण सोळा मजल्यांएवढा कडा आहे. खाली सपाट माळ आहे. कड्याच्या टोकावरून कोणी सेकंदाला २५ मीटर वेगाने चेंडू तिरका वर फेकला. कोन असा, की त्या वेगाचा आडवा भाग २० आणि उभा भाग १५ मीटर भरतो. (२० आणि १५ यांच्या वर्गांची बेरीज ६२५, म्हणजे २५ चा वर्ग.) हवेचा अडथळा तूर्त बाजूला ठेवू आणि गुरुत्वाकर्षण दर सेकंदाला उभ्या वेगात १० मीटरचा फरक पाडतं असं धरू. खरा आकडा ९.८ आहे.

आधी फक्त उभी गती बघायची. वर जाणारा १५ चा वेग दीड सेकंदात शून्यावर येतो आणि तेवढ्यात चेंडू ११.२५ मीटर वर चढतो. आता तो माळापासून ६१.२५ मीटरांवर आहे. तिथून खाली यायला साडेतीन सेकंद लागतात. एकूण झाले पाच सेकंद. या हिशेबात आडव्या वेगाची कुठेच गरज पडली नाही. चेंडू हवेत किती वेळ राहणार, हे उभी गती एकटीच ठरवते.

आता आडवी गती. तिला ओढणारं काही नाही, म्हणून २० चा वेग शेवटपर्यंत २० च राहतो. पाच सेकंदांत १०० मीटर. हा झाला पल्ला. विद्यार्थी हमखास चुकतात ते इथे. ते मूळचा २५ चा वेगच पाच सेकंदांनी गुणतात आणि उत्तर १२५ मीटर काढतात.

जमिनीवर आदळताना उभा वेग ३५ असतो, कारण साडेतीन सेकंद तो दर सेकंदाला १० ने वाढत आला. आडवा २० आहेच. मात्र या दोघांची सरळ बेरीज करून ५५ म्हणायचं नाही. ते एकमेकांना काटकोनात आहेत, म्हणून वर्गांची बेरीज घ्यायची: ४०० आणि १२२५ मिळून १६२५. त्याचं वर्गमूळ सुमारे ४०.३.

हे उत्तर दुसऱ्या वाटेने तपासता येतं. सुरुवातीच्या वेगाचा वर्ग ६२५. पन्नास मीटर उतरल्याने त्यात २ × १० × ५०, म्हणजे १००० ची भर पडते. बेरीज पुन्हा १६२५. या वाटेवर कोनाचा उल्लेखच आला नाही! म्हणजे तोच चेंडू त्याच वेगाने सरळ पुढे फेका, आभाळाकडे फेका किंवा थेट खाली फेका, तो माळावर ४०.३ च्याच वेगाने आदळेल. दिशेने बदलतात त्या दोनच गोष्टी: तो कधी पडतो आणि कुठे.

कुठे पडतो, यातही एक गंमत आहे. सपाट मैदानावर सर्वांत लांब फेकायचं तर ४५ अंशांचा कोन हवा, हे शाळेत शिकवतात. आपल्या कड्यावरून मात्र ४५ अंशांत चेंडू ९५ मीटरच जातो. आपला कोन सुमारे ३७ अंशांचा होता आणि त्याने १०० मीटर गाठले. सर्वांत मोठा पल्ला, जेमतेम १०१ मीटर, ३२ अंशांच्या आसपास मिळतो. कड्याची उंचीच चेंडूला हवेत बराच वेळ देते, त्यामुळे वेगाचा मोठा वाटा पुढे जाण्यावर खर्च करणं परवडतं.

आता बाजूला ठेवलेली हवा परत आणू. लोखंडी गोळा असेल तर वरचं उत्तर जवळपास तसंच राहील. पण क्रिकेटचा चेंडू जेमतेम १६० ग्रॅमचा. सेकंदाला ४० मीटर वेगाला हवेचा विरोध त्याच्या वजनाच्या जवळपास पोहोचतो. मग आडवा वेग २० राहत नाही, सतत घटत जातो. चेंडू शंभर मीटरांच्या बराच अलीकडे आणि ४०.३ पेक्षा कमी वेगाने पडतो. त्याची उतरण चढणीपेक्षा उभी होते. शेवटी जवळजवळ सरळ खाली येणारा गोळा तार्तालियाने काढला होता, त्याची इथे आठवण होते. आकार थोडाफार जुळतो, पण कारण त्याने मानलं ते नाही. तोफेचा जोर संपून वजनाची पाळी येत नाही. दोन्ही गती शेवटपर्यंत एकत्रच असतात, फक्त आडवीला हवा खात जाते.