शीर्षकाच्या आधी एक शब्दसमूह

स्वयंपाकाच्या व्हिडिओचा मुख्य कीवर्ड म्हणजे तो पदार्थ शिकू पाहणारा माणूस यूट्यूबच्या शोधपेटीत टाइप करतो तो शब्दसमूह. शोधनिकाल लावताना यूट्यूब शीर्षक, वर्णन आणि प्रत्यक्ष व्हिडिओ त्या शोधाशी किती जुळतात हे पाहते. लोक तो व्हिडिओ किती पाहतात, हेही विचारात घेतले जाते. म्हणून हा शब्दसमूह शीर्षकाच्या आधी ठरवावा लागतो. शीर्षक आधी सुचले की माणूस त्याच्या प्रेमात पडतो आणि मग त्याला साजेसा कीवर्ड शोधत बसतो. ‘आजीच्या हातची चव’ हे शीर्षक गोड असले, तरी खिचडी शिकायला निघालेला माणूस ते शब्द शोधत नाही.

निवडीची सुरुवात एका वाक्याने होते: हा व्हिडिओ पाहून नवशिक्याला काय जमेल? साबुदाण्याच्या खिचडीचे उदाहरण घेऊ. पहिल्यांदा खिचडी करणाऱ्याची अडचण बहुधा एकच असते, ती म्हणजे साबुदाणा चिकट होऊन गोळा होतो. तेव्हा वाक्य असे होईल: ‘हा व्हिडिओ पाहून न चिकटणारी, मोकळी खिचडी करता येईल.’

यानंतर लोकांचे शब्द गोळा करायचे. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत यूट्यूब उघडावे, म्हणजे आपल्या जुन्या शोधांचा परिणाम कमी होतो. शोधपेटीत ‘साबुदाणा’ लिहून थांबले की खाली सूचना दिसतात. पुढे ‘खिचडी’, ‘कसा भिजवायचा’, ‘चिकट’ असे शब्द एकेक जोडून पाहावे. बरेच जण मराठी रोमन अक्षरांत टाइप करतात, म्हणून `sabudana khichdi` लिहूनही सूचना पाहाव्यात. या सूचना लोक प्रत्यक्ष काय शोधतात त्यावर बेतलेल्या असतात, पण ते शब्द किती जण शोधतात हा आकडा त्यांतून कळत नाही.

समजा, हाती चार पर्याय आले: ‘उपवासाचे पदार्थ’, ‘साबुदाणा खिचडी’, ‘मोकळी साबुदाणा खिचडी’ आणि ‘साबुदाणा कसा भिजवायचा’. आता प्रत्येक पर्याय शोधून वरचे आठ-दहा व्हिडिओ पाहायचे. ‘उपवासाचे पदार्थ’ शोधणाऱ्याला अनेक पदार्थ हवे असतात, त्यामुळे एकाच खिचडीने त्याचे समाधान होणार नाही. ‘साबुदाणा खिचडी’ योग्य आहे, पण तिथे मोठ्या, जुन्या चॅनेलांची गर्दी आहे. ‘कसा भिजवायचा’ हा प्रश्न खरा असला, तरी त्याचे उत्तर एका मिनिटात संपते आणि बाकीची पाककृती त्या शोधात बसत नाही. ‘मोकळी साबुदाणा खिचडी’ मात्र पदार्थ आणि अडचण दोन्ही सांगते. शिवाय त्यात ‘साबुदाणा खिचडी’ हे शब्दही आपोआप येतात.

गूगल ट्रेंड्सवर `YouTube Search` हा पर्याय निवडून अनेक शब्दसमूहांची तुलना करता येते. तिथला ० ते १०० हा आकडा शोधांची संख्या नसून सापेक्ष प्रमाण असतो. कमी शोधल्या जाणाऱ्या शब्दसमूहाचा आलेख उमटतच नाही, आणि मराठी शब्दांच्या बाबतीत हे बरेचदा घडते. आलेख कोरा दिसला म्हणून शब्दसमूह लगेच टाकून देऊ नये. तो शोधपेटीच्या सूचनांत दिसत असेल, तर तेवढा आधार पुरेसा धरावा.

निवडलेला कीवर्ड चित्रीकरणालाही दिशा देतो. ‘मोकळी’ असे म्हटल्यावर भिजवण्याचा भाग घाईने उरकून चालत नाही. साबुदाणा धुऊन तो जेमतेम बुडेल एवढेच पाणी ठेवणे, चार-पाच तासांनी किंवा रात्रभराने दाणा बोटांत दाबून तो सहज चुरडतो का ते पाहणे, शेंगदाण्याचे कूट परतण्याआधीच साबुदाण्याला चोळणे, हे सगळे जवळून दाखवावे लागते. एवढे व्हिडिओत नसेल, तर कीवर्ड बदलावा किंवा व्हिडिओ तरी.

मग शीर्षकाची वेळ येते. यूट्यूब शीर्षकाला १०० अक्षरांची मुभा देते, पण मोबाइलवर लांब शीर्षक मध्येच तुटते. म्हणून कीवर्ड सुरुवातीलाच यावा: ‘मोकळी साबुदाणा खिचडी: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी’. वर्णनाच्या पहिल्या वाक्यात तो एकदा सहजपणे यावा. भिजवणे, चिकट होणे, उपवास हे बाकीचे शब्द पुढच्या वाक्यांत येतील. सगळेच शीर्षकात कोंबले, तर व्हिडिओ नेमका कशाचा आहे हे कुणालाच कळत नाही.

निवड बरोबर होती का, हे काही आठवड्यांनी यूट्यूब स्टुडिओत दिसते. तिथे शोधातून आलेल्या प्रेक्षकांनी वापरलेले शब्द मिळतात. ते कीवर्डशी जुळत असतील आणि प्रेक्षक भिजवण्याच्या भागापर्यंत टिकत असतील, तर निवड योग्य ठरली. लोक दुसऱ्याच शब्दांनी येत असतील आणि व्हिडिओ त्या शब्दांनाही न्याय देत असेल, तर शीर्षक बदलून ते शब्द घ्यावेत. शब्द जुळूनही प्रेक्षक पहिल्या मिनिटात निघून जात असतील, तर दोष कीवर्डचा नाही. त्याने दिलेले आश्वासन व्हिडिओ पाळत नाही.