पासवर्ड विसरला, नंबरही बंद

साताऱ्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापिका घ्या. बाई काल्पनिक आहेत, पण प्रत्येक सोसायटीत अशा दोन-तीन तरी सापडतील. 2016 साली त्यांनी पहिला स्मार्टफोन घेतला, तेव्हा दुकानातल्या मुलानेच त्यांचं जीमेल उघडून दिलं. पासवर्डही त्यानेच ठरवला आणि बिलाच्या मागे लिहून दिला. पुढे बिल कुठे गेलं कोण जाणे. त्यावाचून काही अडलंही नाही, कारण फोनवर एकदा गूगल खातं चालू केलं की ते चालूच राहतं, पासवर्ड पुन्हा कोणी विचारत नाही.

तो विचारला जातो फोन पाण्यात पडला, चोरीला गेला किंवा नवा घेतला त्या दिवशी. म्हणजे जुना फोन हाताशी नसतो आणि पासवर्डही आठवत नसतो, ही दोन्ही संकटं बहुतेकदा एकाच वेळी येतात. नातवंडांचे फोटो, फोनमधले सगळे नंबर, बँकेची आणि विम्याची मेल, सगळं त्या एका खात्यात असतं.

अशा वेळी बाई `g.co/recover` या पानावर जातात. तिथे आधी खात्याचा ईमेल पत्ता विचारतात, मग आठवत असलेला शेवटचा पासवर्ड. तो जमला नाही तर `Try another way` असं दिसतं. त्यापुढे गूगलकडे मुख्यतः दोन आधार असतात: तुम्ही आधी देऊन ठेवलेला मोबाइल नंबर आणि आधी देऊन ठेवलेला दुसरा ईमेल. पडद्यावर नंबरचे शेवटचे दोन आकडे दिसतात, बाकीचे ठिपके. पूर्ण नंबर तुम्ही भरायचा, तो जुळला तरच त्यावर सहा आकडी कोड येतो.

बाईंच्या बाबतीत इथेच घोडं अडतं. दिसतात ते आकडे त्यांच्या जुन्या, दुसऱ्या सिमचे. नुसत्या इनकमिंगसाठीही दर महिन्याला रिचार्ज लागू लागला, तेव्हा लाखो लोकांनी दुसरं सिम सोडून दिलं, तसं त्यांनीही दिलं. बंद झालेला नंबर किमान 90 दिवस कोणाला देत नाहीत, त्यानंतर तो नव्या ग्राहकाला मिळू शकतो. कोड गेला तरी एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊन पडतो. त्याला तो कशाचा हे कळत नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

दुसरा आधार, ईमेल. तो होता. भाच्याने पूर्वी काढून दिलेलं आणखी एक जीमेल तिथे भरलेलं होतं. पण त्या दुसऱ्या खात्याचा पासवर्ड पहिल्या खात्यातच साठवलेला, आणि दुसऱ्या खात्याचा आधार म्हणून दिलेला पत्ता पहिल्याचाच. किल्ली कपाटात ठेवून कपाट ओढून घ्यावं, तसं हे झालं. शिवाय त्या दुसऱ्या खात्यात वर्षानुवर्षं कोणी डोकावलेलं नाही. दोन वर्षं वापरात नसलेली वैयक्तिक खाती गूगल काढून टाकू शकतं. हे धोरण 2023 मध्ये जाहीर झालं आणि त्या डिसेंबरपासून लागू आहे. तेव्हा आधाराचं खातं जागेवर आहे की नाही, हाही प्रश्नच.

तुमचं काय आहे ते तपासायला पाच मिनिटं लागतात. अँड्रॉइड फोनवर `Settings` मध्ये `Google`, मग `Manage your Google Account`, त्यात नावात `Security` हा शब्द असलेला विभाग. थोडं खाली `Recovery phone` आणि `Recovery email` दिसतील. संगणकावर `myaccount.google.com` या पत्त्यावर हेच मिळतं. बदल करण्याआधी पासवर्ड किंवा फोनचं लॉक विचारतील, म्हणून हे काम खातं चालू असतानाच करायचं. नवा ईमेल दिला की त्यावर कोड येतो. तो भरेपर्यंत पत्ता पक्का होत नाही, आणि पुष्कळ जण नेमकं इथेच सोडून देतात. दोन टप्प्यांच्या पडताळणीसाठी दिलेला नंबर वेगळ्या ठिकाणी असतो. तो बदलला म्हणजे हाही बदलला, असं धरून चालू नका.

नंबर कोणाचा द्यावा? जो तुमच्या आधार-बँकेला जोडलेला आहे आणि ज्याचं रिचार्ज तुम्ही कधीच चुकवणार नाही, तो. फोन चोरीला गेला तरी तोच नंबर नव्या सिमवर परत मिळतो. मात्र सिम बदलल्यावर पहिले 24 तास एसएमएस बंद ठेवले जातात, त्यामुळे त्या दिवशी कोड आला नाही म्हणून घाबरून दहा वेळा बटण दाबू नये. ईमेलसाठी मुलाचा किंवा मुलीचा रोजच्या वापरातला पत्ता उत्तम. तो त्यांच्या फोनवर उघडतो, तुमच्या नाही, आणि सगळी मेख त्यातच आहे. एक भान मात्र हवं: ज्याच्याकडे कोड जातो तो तुमच्या खात्यात शिरू शकतो. जावयाचा द्यायचा की मुलीचा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

दोन्ही आधार निकामी झाले असतील तर? तर गूगल इतर खुणा पाहतं. नेहमीचा टॅब, घरचं वायफाय, ओळखीचा ब्राउझर यांवरून प्रयत्न केला तर फरक पडतो. म्हणून सायबर कॅफेत जाऊन प्रयत्न करणं सर्वांत वाईट. कधी कधी पडताळणीसाठी काही तास, काही दिवस थांबवतात. आणि तरीही नकार येऊ शकतो. फुकटच्या खात्यासाठी फोनवर बोलायला माणूस मिळत नाही. शोध घेतल्यावर जे 'गूगल कस्टमर केअर' नंबर दिसतात ते ठगांचे समजावेत. पासवर्ड परत मिळवून देणाऱ्या कोणत्याही सेवेशी आपला संबंध नाही, असं गूगलने स्पष्ट सांगितलेलं आहे. `G-` ने सुरू होणारा कोड फोनवर कोणी मागितला तर समोरचा तुमच्याच खात्याच्या दारात उभा आहे.

एकेकाळी या कामाला 'आईचं माहेरचं आडनाव' किंवा 'आवडता पदार्थ' असे प्रश्न असत. 2008 मध्ये अमेरिकेत उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं याहू खातं असल्याच प्रश्नांची उत्तरं इंटरनेटवर शोधून एका विद्यार्थ्याने उघडलं होतं. गूगलच्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवून दिलं की उत्तरं परक्यांना ओळखता येतात आणि मालकालाच आठवत नाहीत. अमेरिकेतल्या इंग्रजी बोलणाऱ्यांपैकी 40 टक्क्यांना ऐनवेळी स्वतःचं उत्तर आठवलं नव्हतं.

आणखी एक सोय फारशी कोणाला ठाऊक नसते. आधाराचा नंबर किंवा ईमेल बदलला, तरी पुढचे सात दिवस जुन्यावर कोड मागवण्याचा पर्याय गूगल देऊ शकतं. चोराने खात्यात शिरून आधी हेच बदललं, तर तेवढाच अवधी तुमच्या हातात असतो. बदल झाल्याची मेल लगेच येते, ती मुलाच्या पत्त्यावर आली तर त्याने 'आईचं काहीतरी आलंय' म्हणून रविवारपर्यंत ठेवून देऊ नये, त्याच दिवशी फोन करावा.