टार्गेट, बाजार आणि विक्रेत्याचा वाटा

विक्री विभागातला वर्षाचा हिशेब बहुतेक ठिकाणी एका टक्केवारीवर उरकला जातो. २०० नगांचे टार्गेट होते, १६० विकले गेले, म्हणजे पूर्ती ८० टक्के. यातल्या १६० या आकड्याबद्दल फारसा वाद होत नाही. २०० मात्र वर्षभर आधी कोणीतरी अंदाजाने ठरवलेले असतात. त्यामुळे पूर्तीच्या टक्केवारीत विक्रेत्याच्या कामाबरोबर त्या अंदाजाची चूकही मिसळलेली असते. मोजमाप करायचे म्हणजे आधी ही दोन वेगळी काढायची.

ट्रॅक्टरच्या धंद्यात हे काम तुलनेने सोपे जाते, कारण तिथे एकूण बाजाराचा आकडा मिळतो. विकलेल्या ट्रॅक्टरची आरटीओत नोंदणी होते आणि केंद्र सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर आरटीओनिहाय, कंपनीनिहाय नोंदी पाहता येतात. कोणत्या जिल्ह्यात सगळ्या कंपन्यांचे मिळून किती ट्रॅक्टर गेले, याला या धंद्यात ‘इंडस्ट्री’ म्हणतात.

एका कंपनीचे कोल्हापूर आणि लातूर असे दोन इलाखे धरून पाहू. आकडे हिशेबासाठी घेतलेले आहेत. वर्षाच्या सुरुवातीला दोन्हीकडे इंडस्ट्री १,६०० ट्रॅक्टरची राहील असे गृहीत धरले होते. त्यावर कोल्हापूरला २४० चे आणि लातूरला २०० चे टार्गेट मिळाले. वर्षअखेरीस कोल्हापूरने २५२ विकले, पूर्ती १०५ टक्के. लातूरने १६० विकले, पूर्ती ८० टक्के. आढावा बैठकीत टाळ्या कोणाला मिळणार आणि खुलासा कोणाला द्यावा लागणार, हे सांगायला नको.

आता बाजाराकडे पाहू. पाऊस चांगला झाला, उसाचे पैसे वेळेत आले आणि कोल्हापुरात इंडस्ट्री १,६०० ऐवजी २,००० वर गेली. लातुरात पीक हातचे गेले आणि ती १,१२० वर आली. कोल्हापूरचे टार्गेट मूळ अंदाजाच्या १५ टक्के होते. तोच हिस्सा प्रत्यक्ष बाजाराला लावला तर टार्गेट ३०० व्हायला हवे होते. लातूरचा हिस्सा साडेबारा टक्के, म्हणून तिथे १४०. या सुधारित टार्गेटवर कोल्हापूरची पूर्ती ८४ टक्के भरते आणि लातूरची ११४. क्रम पुरता उलटला. आदल्या वर्षीशी तुलना केली तरी तेच दिसते. कोल्हापूरचा बाजारहिस्सा १४ टक्क्यांवरून १२.६ वर घसरला आहे, लातूरचा ११ वरून १४.३ वर चढला आहे. कोल्हापुरात बाजार वाढला, त्यातला वाढीव भाग दुसऱ्यांनी नेला.

हा हिशेब इलाख्यानुसारच करावा लागतो, देशाची किंवा राज्याची सरासरी लावून चालत नाही. २०२५ च्या सप्टेंबरचेच उदाहरण घ्या. २२ तारखेपासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ही सवलत सगळीकडे सारखी होती. पण त्याच महिन्यात अतिवृष्टीने मराठवाड्यातली उभी पिके पाण्याखाली गेली. एकाच राज्यातल्या दोन विक्रेत्यांपुढे त्या महिन्यात दोन वेगळे बाजार होते.

बाजाराची स्थिती वर्षागणिक बदलते. इलाख्याची अडचण मात्र कायमची असते. प्रतिस्पर्ध्याचा तीस वर्षांचा जम, दोन तालुक्यांत मिळून एकच डीलर, सर्व्हिससाठी साठ किलोमीटरवरून येणारा मेकॅनिक, या गोष्टी पाऊस पडला म्हणून सुधारत नाहीत. त्यांचा विचार टार्गेट ठरवतानाच, हिश्श्याच्या अपेक्षेत व्हायला हवा. आपल्या उदाहरणात कोल्हापूरकडून १५ आणि लातूरकडून साडेबारा टक्क्यांची अपेक्षा होती, ती यामुळेच. वर्षअखेरीस ‘इलाखा अवघड आहे’ म्हणून पुन्हा सूट दिली, तर एकाच अडचणीची वजावट दोनदा होते. ही चूक भल्याभल्या कंपन्यांत होते, कारण दुसऱ्या वेळी मागणारा समोर बसलेला असतो.

टार्गेटपूर्तीनंतर दुसरे माप कन्व्हर्जनचे, म्हणजे आलेल्या चौकशांपैकी किती विक्रीत उतरल्या याचे. कोल्हापूरच्या डीलरकडे ६०० चौकशांवर २५२ विक्री, म्हणजे ४२ टक्के. लातूरला १,००० चौकशांवर १६०, म्हणजे १६ टक्के. इथे पुन्हा कोल्हापूर पुढे दिसते. पण चौकशी नोंदवतो कोण? डीलरचा सेल्समन. त्याने सौदा पक्का झाल्यावरच रजिस्टरमध्ये नाव घातले, तर कन्व्हर्जन हवे तेवढे वाढते. हे ओळखायची खूण सोपी आहे: चौकशीची तारीख आणि डिलिव्हरीची तारीख शेजारी ठेवून पाहायची. सात-आठ लाखांची वस्तू शेतकरी घरी बोलून, डेमो घेऊन, कर्जाची फाइल फिरवून घेतो; त्यात काही आठवडे सहज जातात. निम्म्या डिलिव्हऱ्या चौकशीनंतर तीन-चार दिवसांतच झालेल्या दिसल्या, तर त्या नोंदी मागाहून भरल्या आहेत असे समजावे.

एकच टक्केवारी पाहण्यापेक्षा गळती कुठे होते ते पाहणे अधिक उपयोगाचे. लातूरच्या १,००० चौकशांतून ४०० डेमो झाले, त्यातून कर्जाच्या २५० फाइल गेल्या आणि १६० ट्रॅक्टर सुटले. फाइल आणि डिलिव्हरी यांच्यामध्ये ९० ग्राहक गेले. त्यातले बहुतेक जुन्या पीककर्जाच्या थकबाकीवर अडकले असतील, तर तो दोष सेल्समनच्या बोलण्याचा नाही. बँकेने हात आखडल्याचा तो परिणाम आहे. चौकशी आणि डेमो यांच्यामध्ये गेलेले ६०० मात्र त्याला विचारायलाच हवेत. त्यांच्यापैकी कितीजणांना दुसरा फोन गेला होता?

कन्व्हर्जन महिन्यागणिक काढले की आणखी एक घोळ होतो. पाडवा, अक्षय तृतीया, दसरा अशा मुहूर्तांवर डिलिव्हऱ्या एकदम सुटतात, त्यांच्या चौकशा मात्र आधीच्या महिन्यांतल्या असतात. म्हणून चौकशीचा महिना धरून, त्या चौकशांचे पुढे काय झाले हे मोजावे.

या सगळ्या दुरुस्तीला मर्यादा आहेत. नोंदणी उशिरा होते आणि आरटीओची हद्द कंपनीच्या इलाख्याशी तंतोतंत जुळत नाही. म्हणून एका महिन्याच्या बाजारहिश्श्यावर कोणाला धारेवर धरू नये. लहान आकडे तसेही फसवे असतात. महिन्याला सरासरी १२ ट्रॅक्टर विकणाऱ्याचा आकडा एखाद्या महिन्यात ९ आणि एखाद्या महिन्यात १५ आला, तर त्यात निव्वळ योगायोगाचाच भाग मोठा असू शकतो. ज्या कंपनीकडे जिल्ह्याचा निम्मा बाजार आहे, तिच्या प्रयत्नानेच इंडस्ट्री वाढते किंवा घटते. तिथे ‘बाजार पडला’ हे कारण तसेच्या तसे मानता येत नाही.

दुरुस्तीचे सूत्र वर्ष सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवलेले असावे. निकाल पाहून सूत्र काढले की ज्याचा आवाज मोठा त्याचा इलाखा अवघड ठरतो. शिवाय लातूरने यंदा चांगले काम केले म्हणून पुढच्या वर्षीचे टार्गेट थेट त्याच्या विक्रीवरून वाढवले, तर पुढच्या मार्चमध्ये तिथला माणूस हातातला सौदा एप्रिलवर ढकलायला शिकतो.

आपल्या उदाहरणात कोल्हापूरच्या माणसाला १०५ टक्क्यांचे जाहीर केलेले इन्सेंटिव्ह पूर्ण द्यावे, कारण शब्द दिलेला आहे. बढतीच्या यादीत मात्र लातूरचे नाव वर असायला हवे.